पाचव्या ओळीतली भिंत

नमस्कार ताई,

मी दोन वर्षांपासून इंट्राडे करतो, तेही एकाच शेअरमध्ये. उलाढाल भरपूर, स्प्रेड बहुतेक वेळा एका टिकचा, म्हणजे ०.०५ चा. परवा भाव उतरत होता. बिड ५००.०० ला आल्यावर डेप्थच्या पाचव्या ओळीत, ४९९.८० ला, अचानक ९०,००० ची खरेदी दिसली. ऑर्डरी फक्त ३. बाकीच्या ओळींत दोन-चार हजारच होते. एवढी मोठी भिंत खाली आहे म्हणून मी ५००.०५ ला १,००० शेअर घेतले आणि ४९९.७० चा स्टॉपलॉस लावला. बिड ४९९.९० ला आली तेव्हा भिंत ५५,००० (२ ऑर्डरी) झाली. बिड ४९९.८५ ला आली तेव्हा तिथे ८,००० उरले होते आणि ऑर्डरी ११. माझा स्टॉपलॉस ४९९.५५ ला सुटला. लगेच ४९९.३५ ला ८५,००० दिसले, पुन्हा ३ ऑर्डरी! दहा मिनिटांत भाव ५००.४० ला. स्क्रीनचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. भिंत खरी की खोटी हे आधी कसं ओळखायचं? आणि २० ओळींची डेप्थ पैसे भरून घेऊ का?

— भिंतीला टेकलेला

---

नमस्कार,

रेकॉर्डिंग ठेवलंत हे फार बरं केलंत. नाहीतर अशा पत्रांना उत्तर देताना मला अंदाजाच्या चिखलात उतरावं लागतं. तुमच्या आकड्यांवर मात्र सरळ हिशेब करता येतो.

भिंतीकडे वळण्याआधी एक प्रश्न: ५००.०५ ला तुम्हाला शेअर विकले कोणी? तुम्ही खालच्या ९०,००० कडे बघत होतात, पण सौदा वरच्या बाजूला झाला. आस्कला बसलेल्या कुणाचा तरी माल तुम्ही उचललात. बनावट खरेदीची भिंत उभी करणाऱ्याला सहसा खरेदी करायचीच नसते. त्याला विकायचं असतं. त्याची खरी ऑर्डर छोटी असते आणि ती आस्कच्या ओळीत चार-पाच जणांत मिसळून गुपचूप बसते. खालची मोठी ऑर्डर असते ती तुमच्यासारख्यांना "खाली आधार आहे" असं वाटून त्यांनी वरचा माल उचलावा म्हणून. परवा तसंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण ऑर्डर कोणाची हे पडद्यावर कधीच दिसत नाही. तरी यापुढे भिंत दिसली की एकदा समोरच्या बाजूलाही बघा. तिथे माल कोण देतंय?

आता "अचानक" या शब्दाकडे येऊ. तुमच्या पडद्यावर खरेदीच्या पाच ओळी आहेत. बिड ५००.०५ ला होती तेव्हा पाचवी ओळ होती ४९९.८५ ची. बिड एका टिकने उतरून ५००.०० वर आली, तेव्हा कुठे ४९९.८० ची ओळ खिडकीत आली. म्हणजे ती ऑर्डर त्याच क्षणी आली असेल किंवा तासाभरापासून तिथेच उभी असेल, दोन्ही शक्य आहे. भाव वर गेला की तीच ओळ खिडकीबाहेर जाते आणि आपल्याला वाटतं की भिंत पळाली. पाचव्या ओळीत उगवलेल्या आणि पाचव्या ओळीतून गायब झालेल्या भिंतीवरून कोणताच निष्कर्ष काढू नका. खिडकीच्या आत, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत जे घडतं तेवढंच वाचण्यासारखं असतं.

आणि तुमच्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तिसऱ्या ओळीत घडली आहे. बिड ४९९.९० ला असताना भिंत ९०,००० वरून ५५,००० झाली. त्या वेळी तिच्या वर ४९९.९० आणि ४९९.८५ अशा दोन ओळी उभ्या होत्या. विकणाऱ्याला आधी चांगला भाव देणारा गिऱ्हाईक मिळतो. वरच्या दोन ओळी संपल्याशिवाय ४९९.८० ला एकही शेअर विकला जाऊ शकत नाही. मग ३५,००० गेले कुठे? कोणीतरी मागे घेतले. याला दुसरं स्पष्टीकरण जवळजवळ नाहीच. ऑर्डरींची संख्याही तेच सांगते: तीनाच्या दोन झाल्या, म्हणजे ३५,००० ची एक अख्खी ऑर्डर उठून गेली. मग बिड ४९९.८५ ला आली. अजूनही वर एक ओळ शिल्लक आहे, तरी इथे ८,००० च उरले आणि ऑर्डरी ११ झाल्या. उरलेल्या दोन मोठ्या ऑर्डरीही गेल्या आणि त्यांच्या जागी रोजचे छोटे लोक येऊन बसले. त्या भावाला पहिला सौदा होण्याच्या आधीच भिंत संपली होती.

हा नियम एका वाक्यात लिहून ठेवा: जी ओळ सगळ्यात वर नाही, तिची क्वांटिटी कमी झाली तर ती विकली गेलेली नाही, मागे घेतली गेली आहे. डेप्थ वाचण्याची इतकी स्वच्छ खूण दुसरी नाही. शिवाय ती वेळेत मिळते. भिंतीचा पहिला तुकडा उठला तेव्हा बिड ४९९.९० ला होती. तिथेच बाहेर पडला असतात तर शेअरमागे ०.१५ चा तोटा झाला असता, प्रत्यक्षात ०.५० झाला. तुमच्या खरेदीचं कारण एकच होतं, ती भिंत. कारणाचा तिसरा हिस्सा डोळ्यांदेखत उठून गेला तरी तुम्ही भाव ४९९.७० ला पोचायची वाट बघत राहिलात. स्टॉपलॉस भावावर होता, खरेदी मात्र डेप्थवर.

भिंत मोजायची कशी, हेही बघू. शेजारच्या ओळींशी तुलना केली की ९०,००० डोंगर वाटतात. पण शेजारच्या ओळी हे वाईट माप आहे, कारण उलाढाल भरपूर असलेल्या शेअरमध्ये वरच्या ओळी नेहमीच पातळ असतात आणि सतत भरल्या जातात. भिंत मिनिटांत मोजा. समजा तुमच्या शेअरमध्ये साधारण मिनिटाला १५,००० चे सौदे होतात आणि त्यातले निम्मे विकणाऱ्याने बिडवर माल टाकून झालेले असतात. मग ९०,००० म्हणजे बारा मिनिटांच्या विक्रीला पुरेल एवढी खरेदी झाली. हे बरंच आहे. पण विक्रीचा झोत आला आणि मिनिटाला ४५,००० जायला लागले, तेही जवळजवळ सगळे बिडवर, तर तीच भिंत दोन मिनिटांत संपते. भिंत तीच असते, बाजाराचा वेग बदलतो. तुमच्या शेअरचे खरे आकडे सकाळ, दुपार आणि शेवटचा तास असे वेगवेगळे काढा, कारण एकच सरासरी तिन्ही वेळांना लागू पडत नाही.

ऑर्डरींची संख्या हा रकाना लोक बघतच नाहीत. ९०,००० तीन ऑर्डरींत असतील तर निर्णय घेणारी माणसं फार तर तीन आहेत, कदाचित एकच. तेच ९०,००० जर ३०० ऑर्डरींत असतील, विशेषतः एखाद्या गोल आकड्याला, तर ते वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या कारणांनी लावलेले असतात आणि ते सगळे एका क्षणात उठत नाहीत. म्हणून पसरलेली भिंत जास्त टिकाऊ. मात्र मोठी ऑर्डर ५० तुकड्यांत लावणं संगणकाला काहीच अवघड नाही. थोड्या ऑर्डरी म्हणजे संशय घ्या. जास्त ऑर्डरी आहेत म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.

आता भिंत वरच्या ओळीत येते, म्हणजे तिथे सौदे व्हायला लागतात, तेव्हाचा हिशेब. इथे क्वांटिटी कमी होण्याला दोन कारणं असू शकतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. एक छोटी वजाबाकी करावी लागते. सुरुवातीला किती होते, शेवटी किती उरले आणि मधल्या वेळात त्या भावाला सौदे किती झाले. शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा करा आणि त्यात झालेले सौदे मिळवा. उत्तर उणे आलं तर तेवढा माल मागे घेतला गेला, अधिक आलं तर तेवढा नव्याने येऊन बसला.

उदाहरणाला विक्रीची भिंत घेऊ. ५०५.०० हीच आस्क आहे आणि तिथे ६०,००० आहेत. अर्ध्या मिनिटाने २१,००० उरले आणि त्या वेळात ५०५.०० ला सौदे झाले ६,५०० चे. २१,००० वजा ६०,००० म्हणजे उणे ३९,०००, त्यात ६,५०० मिळवले की उणे ३२,५००. खाल्ले गेले साडेसहा हजार आणि पळाले साडेबत्तीस हजार. पडद्यावर मात्र "खरेदीदारांनी भिंत फोडली" असंच दिसतं आणि लोक त्या जोरावर घेतात. आता उलटं बघा. तेच ६०,०००, अर्ध्या मिनिटाने ४८,०००, पण सौदे झाले ४१,०००. उत्तर येतं अधिक २९,०००. घेणारे धडका मारतायत आणि देणारा, किंवा देणारे, माल भरतच आहेत. पडद्यावर भिंत थोडी झिजलेली दिसते, प्रत्यक्षात तिथे सगळ्यात खरी विक्री चालू असते.

त्या भावाला किती सौदे झाले हे सौद्यांच्या यादीतून मिळतं. यादी नसेल तर दिवसाच्या एकूण व्हॉल्यूमच्या दोन आकड्यांतला फरक घ्या, फक्त त्यात बिड आणि आस्क दोन्हीकडचे सौदे मिसळलेले असतात हे धरून चाला. सुरुवातीला कागदावर करा. आठवड्याभरात नजर बसते आणि आकड्यांच्या पडण्याच्या लयीवरूनच ओढलेली ऑर्डर ओळखू यायला लागते. खाल्ली जाणारी भिंत लहान-मोठ्या घासांनी कमी होते, ओढलेली एका फटक्यात.

भरत राहणाऱ्या विक्रेत्याचा सगळ्यात शुद्ध प्रकार म्हणजे आइसबर्ग. ऑर्डर ४०,००० ची, पण डिस्क्लोज्ड क्वांटिटी ५,०००. ते ५,००० संपले की पुढचे ५,००० दिसायला लागतात. नवा तुकडा त्या भावाच्या रांगेत शेवटी जातो, तरी एकाच भावाला ५,००० पुन्हा पुन्हा उगवतात आणि एकूण सौदे दिसणाऱ्या आकड्याच्या कितीतरी पट होतात. भाव मात्र जागचा हलत नाही. ही खरी भिंत. आणि गंमत बघा, डेप्थमध्ये ती भिंतीसारखी दिसतच नाही!

असं का होतं ते मी स्वतः ठेच लागून शिकले. एका ब्रोकरकडे डीलर म्हणून नवीन होते तेव्हा एका क्लायंटचे दोन लाख शेअर विकायचे होते. मी शहाणपणा करून त्यातले ६०,००० सरळ आस्कच्या वरच्या ओळीत उघड लावले. मिनिटभरात माझ्यापेक्षा एक टिक कमी भावाला चार-पाच विक्रेते येऊन बसले, आणि घेणारे हात बांधून उभे राहिले, कारण एवढा माल आहे तर भाव खाली येणारच हे त्यांना कळलं. मी भाव कमी केला की तेही कमी करायचे. माझा एकही मोठा तुकडा जाण्याआधी भाव आठ टिक उतरला होता. शेजारच्या खुर्चीवरचे वरिष्ठ डीलर एवढंच म्हणाले, "तू विकतेयस की जाहिरात देतेयस?" मोठा खरा माल उघड दाखवणं हे ज्याचा माल त्यालाच महागात पडतं. म्हणूनच मोठे फंड ऑर्डर तुकड्यांत घालतात, लपवतात, दिवसभर पसरवतात. जी भिंत कोणाच्याही नजरेत भरेल अशी उभी आहे, ती नजरेत भरावी असंच लावणाऱ्याला वाटत असेल का, हा प्रश्न म्हणून आधी विचारायचा. कधी उत्तर "नाही, बिचारा नवखा आहे" असंही असतं. मी होते तशी.

पण "खोटी" हा शब्द जपून वापरा. ऑर्डर ओढणारा प्रत्येक जण लबाड नसतो. मार्केट मेकर दिवसभर दोन्ही बाजूंना भाव लावून बसतात आणि त्यांच्या बहुतांश ऑर्डरी सौदा न होताच रद्द होतात. इंडेक्सचा किंवा त्याच शेअरचा फ्युचर दोन टिक खाली गेला की शेअरमधली बिड त्यांना मागे घ्यावीच लागते. नाहीतर जुन्या भावाला माल त्यांच्या गळ्यात पडतो. तुमच्या बाबतीत भिंत उठली त्या क्षणी फ्युचर काय करत होता, हे रेकॉर्डिंगमध्ये नसेल तर वेळ जुळवून बघा. फ्युचर आधी घसरला असेल तर ती साधी माघार असू शकते. फ्युचर शांत होता आणि भिंत तरीही भाव जवळ येताच उठली, तर संशय वाढतो.

कायद्याच्या नजरेतही फरक हेतूचाच आहे. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने स्पूफिंगची जी व्याख्या केली ती अशी की सौदा होण्याआधीच ऑर्डर रद्द करायची या हेतूने बिड किंवा ऑफर लावणं. त्या तरतुदीखाली पहिली फौजदारी शिक्षा मायकेल कोशिया या फ्युचर्स ट्रेडरला झाली. ज्युरीने २०१५ मध्ये त्याला दोषी ठरवलं. त्याचा प्रोग्रॅम एका बाजूला छोटी खरी ऑर्डर लावायचा आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या ऑर्डरी. छोटी भरली की मोठ्या गायब, आणि लगेच तोच खेळ उलट्या दिशेने. सगळं काही सेकंदाच्या अंशांत. लंडनमधल्या घरातून ट्रेडिंग करणाऱ्या नविंदर सराओचा प्रोग्रॅम तुम्हाला जास्त ओळखीचा वाटेल. ई-मिनी एस अँड पी फ्युचर्समध्ये तो विक्रीच्या मोठ्या ऑर्डरी चालू भावापासून काही टिक दूर ठेवायचा आणि भाव हलला की त्यांनाही तेवढंच हलवायचा, म्हणजे त्या दिसायच्या सगळ्यांना आणि सौदा व्हायचा नाही. ६ मे २०१० च्या फ्लॅश क्रॅशच्या दिवशीही तो प्रोग्रॅम चालू होता. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. ही प्रकरणं उभी करायला तपास यंत्रणांना ऑर्डरींची खातेवार नोंद हाताशी असावी लागते. ती ना तुमच्याकडे आहे ना माझ्याकडे. आपण फक्त वागणं बघू शकतो.

तुमच्या पत्रातली दुसरी भिंत मला म्हणूनच जास्त बोलकी वाटते. पहिली दिसली तेव्हा बिड ५००.०० आणि भिंत ४९९.८०, म्हणजे चार टिक खाली. दुसरी दिसली तेव्हा, बिड ४९९.५५ धरली तर, ४९९.३५ हेही बरोबर चार टिक खाली. आकार जवळपास तोच आणि ऑर्डरी पुन्हा तीन. ज्याला खरंच माल हवाय तो भावाची वाट बघत एका जागी बसतो, किंवा भाव हातातून निसटतोय असं वाटलं तर वर येतो. भाव जवळ आला की तेवढंच अंतर ठेवून मागे सरकणारा गिऱ्हाईक नसतो. फक्त, मघाचा खिडकीचा नियम इथेही लावा. पाच ओळींच्या पडद्यावर नव्याने दिसणारी भिंत पाचव्या ओळीतच, म्हणजे चार टिक खालीच दिसणार. दोनदा जुळलं हा योगायोग असू शकतो. पुढे बिड हलल्यावर भिंतही तिसऱ्या-चौथ्या ओळीत सरकत राहिली का, ते रेकॉर्डिंगमध्ये बघा.

आता या खुणेच्या मर्यादा. यातली पहिली पडद्याचीच आहे. ब्रोकरच्या ॲपवर दिसते ती सेकंदाला एक-दोनदा काढलेली छायाचित्रं असतात, आणि खरं ऑर्डर बुक त्या दोन छायाचित्रांच्या मध्ये शेकडो वेळा बदललेलं असतं. मघाची वजाबाकी फक्त निव्वळ आकडा देते. ३२,५०० मागे गेले म्हणजे कदाचित ५०,००० मागे गेले आणि १७,५०० नवे आले. तेच पाच-दहा मिलिसेकंदांत लावून काढलेल्या ऑर्डरींचं. त्या आपल्याला दिसतच नाहीत, आणि ज्यांना दिसतात त्यांच्याशी वेगाची शर्यत लावण्यात अर्थ नाही.

त्याहून मोठी मर्यादा म्हणजे डेप्थमध्ये जे नसतंच ते. स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत बुकमध्ये दिसत नाही. परवा ४९९.८० च्या भिंतीवर विसंबून जेवढ्यांनी घेतलं, त्यातल्या बहुतेकांचे स्टॉपलॉस तुमच्यासारखेच भिंतीच्या एक-दोन टिक खाली असणार. भिंत उठली, ८,००० संपले, आणि मग ते सगळे स्टॉपलॉस एकदम मार्केट विक्री होऊन पातळ ओळींवर कोसळले. तुमचा ४९९.७० चा स्टॉपलॉस ४९९.५५ ला सुटला तो त्यामुळे. नंतर भाव परत वर गेला यातही नवल नाही, कारण विकणारे संपले होते. म्हणून भिंतीचा आधार घ्यायचाच असेल तर स्टॉपलॉस तिच्या पायाशी लावू नका. भिंत हलली की हाताने बाहेर पडा, आणि भावाचा स्टॉपलॉस फक्त आणीबाणीसाठी थोडा लांब ठेवा. तो लांब गेल्यामुळे जोखीम वाढते ती क्वांटिटी कमी करून भरून काढा.

आणि भिंत पूर्णपणे खरी असली तरी? ती फक्त एवढंच सांगते की या भावाला एवढा माल घ्यायला कोणीतरी तयार आहे. ज्याला दोन लाख विकायचे आहेत त्याच्यासाठी ती मेजवानी असते. मी डीलर असताना समोर ८०-९० हजारांची खरी बिड दिसली की पहिला विचार "आधार" असा यायचा नाही, "गिऱ्हाईक आलं" असा यायचा. भाव मुद्दाम तिथपर्यंत नेऊन आम्ही सगळं त्यांच्या पदरात टाकायचो. भिंत खरी होती, तिने शब्दही पाळला, आणि तरी नंतर भाव खालीच गेला. खरी-खोटी ओळखण्यात तुम्ही पारंगत झालात तरी दिशेचा प्रश्न जागच्या जागीच राहतो, तो असा.

एकूण खरेदी आणि एकूण विक्रीचे जे दोन आकडे डेप्थच्या तळाशी येतात, त्यांच्याकडे मी बघत नाही. त्यात चालू भावापासून दोन-चार टक्के लांब पडून राहिलेल्या ऑर्डरीही धरलेल्या असतात. पुढच्या पाच मिनिटांशी त्यांचा काही संबंध नसतो.

मग डेप्थ वाचायची कशासाठी? माझ्या मते मुख्यतः स्वतःची ऑर्डर नीट घालण्यासाठी. ८,००० विकायचे आहेत आणि बिडवर ४९९.९० ला २,४००, ४९९.८५ ला ३,१००, ४९९.८० ला ४,००० आहेत, तर मार्केट ऑर्डरला सरासरी साधारण ४९९.८५ मिळेल, म्हणजे वरच्या बिडपेक्षा एक टिक कमी. हा एक टिक द्यायचा की लिमिट लावून थांबायचं, हे ठरवायला डेप्थ उत्तम. दिशेसाठी वापरायची तर तिचं आयुष्य काही सेकंदांपासून दोन-चार मिनिटांचं असतं आणि कमाई दोन-चार टिकांची. ५०० च्या भावाला एक टिक म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग, ०.०१ टक्का. तुमची दलाली, कर आणि स्प्रेड मिळून येण्याजाण्याचा खर्च किती टिक होतो ते आज काढा. तो चार टिक असेल तर दोन टिकांची खूण कितीही बरोबर असली तरी तुमच्या कामाची नाही.

राहिला २० ओळींचा प्रश्न. त्यातून एकच गोष्ट सुटेल, खिडकीची. भिंत आधीपासून होती की आत्ता आली आणि ती भावाबरोबर सरकते का, हे तुम्हाला लांबून दिसेल. स्टॉपलॉस, आइसबर्ग, दोन छायाचित्रांमधली पोकळी आणि ऑर्डरीमागचा माणूस हे विसाव्या ओळीतही दिसणार नाही. पैसे भरण्याआधी आहे त्याच पडद्यावर ३० भिंतींची वही करा. दिसताक्षणी लिहायचं: भाव, क्वांटिटी, किती मिनिटांची, ऑर्डरी किती, फ्युचर कुठे. मग काय झालं ते लिहायचं, ओढली, खाल्ली की टिकली, आणि पाच मिनिटांनी भाव कुठे होता. त्याच दिवसांत भिंत नसतानाचे ३० क्षणही आंधळेपणाने निवडून पाच मिनिटांनंतरचा भाव लिहा. दोन्ही यादींतला फरक तुमच्या खर्चाच्या टिकांपेक्षा जास्त निघाला तर २० ओळी घ्या. नाही निघाला तर ते पैसे वाचले, आणि तुमच्याकडे त्या शेअरचं मिनिटामिनिटाचं माप तरी तयार झालं. तुमची वही झाली की ओढल्या गेलेल्या भिंतींचा आकडा मला जरूर कळवा. माझ्या वेळच्या नोंदींशी तो ताडून बघायला मला आवडेल.